रात्रीची गाडी आणि सकाळपर्यंतचे तास मोजणारी प्रवासी: ही कथा कशी रचायची

या कथेची कल्पना एका ओळीत सांगता येते, आणि फसगत तिथूनच सुरू होते. रात्रीची गाडी, डोळा न लागणारा प्रवासी आणि 'सकाळ व्हायला अजून किती तास' हा डोक्यात चाललेला हिशेब. पहिलं पान झरझर लिहून होतं. दुसऱ्या पानावर प्रवासी पुन्हा घड्याळ बघतो, तिसऱ्यावर पुन्हा, आणि चौथ्यापर्यंत लिहिणाऱ्यालाच जांभया येऊ लागतात. सात, सहा, पाच, चार हे आकडे कुठे चाललेत ते वाचकाला आधीच कळलेलं असतं. घड्याळ पुढे जाणार यात कुतूहल वाटण्यासारखं काही नाही.

म्हणून या कथेत खरं काम एकच आहे: दर वेळी हिशेबाचा प्रश्न बदलायला हवा. उत्तर तर आपोआप बदलतंच. प्रवासी कशातून काय वजा करतो, कोणासाठी करतो, आणि कुठे चुकतो, यातून गोष्ट पुढे सरकते. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून इथे एकच कथा मुळापासून रचत जाऊ.

आपली प्रवासी पन्नाशीची एक बाई. धाकट्या बहिणीकडे निघाली आहे. दोघींचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. अलीकडे फोन सुरू झालेत, पण कामापुरते. बहीण म्हणाली आहे, "मी येते स्टेशनवर घ्यायला." कथेची सामग्री एवढीच. भांडण कशावरून झालं ते तुम्हाला पक्कं ठाऊक असू द्या, पण कथेत त्याला एका वाक्याहून जास्त जागा देऊ नका. या कथेत भूतकाळ उकरायला गेलात की गाडी थांबते, आणि ती आपल्याला दुसऱ्याच कारणासाठी थांबवायची आहे.

आधी 'सकाळ' कधी होते ते ठरवा

जागा माणूस 'सकाळपर्यंत' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एकच वेळ असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे तीन-चार वेळा एकमेकींत मिसळलेल्या असतात. गाडी पोचते ती वेळ, उजाडतं ती वेळ, उतरण्याआधी उठायला हवं ती वेळ, आणि ज्यासाठी निघालो ती गोष्ट सुरू होते ती वेळ. या सगळ्या एकाच ठिकाणी आल्या तर कथेत खेळायला जागा उरत नाही. त्या एकमेकींपासून लांब ठेवा.

आपल्या कथेत गाडी ५:४० ला पोचते आणि सूर्य ६:२५ ला उगवतो. म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे ती अंधारात उतरणार. इथे एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. सूर्य क्षितिजावर येण्याआधीच दिसू लागतं. तो क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असतो तेव्हा आकाशातला उजेड साधारण वावरायला पुरतो. हा संधिप्रकाश विषुववृत्ताजवळच्या भागात वीस-पंचवीस मिनिटांचा असतो, आणि उत्तरेला किंवा दक्षिणेला जावं तसा लांबत जातो. फार उत्तरेकडे तर ऐन उन्हाळ्यात रात्र पुरती काळी होतच नाही, आणि तिथे ही कथा घडवली तर तिचा पायाच निसटतो. तेव्हा महिना आणि प्रदेश मनाशी ठरवा, त्या दिवसाची सूर्योदयाची वेळ शोधा, आणि मगच 'खिडकीबाहेर उजाडू लागलं' हे वाक्य लिहा. आपल्या कथेत सहाच्या आत उजेड नाही असं धरू.

आता गाडीला तासभर उशीर झाला तर काय होईल? ती उजेडात पोचेल. उशिरामुळे सकाळ लांबत नाही. उलट गाडीआधी ती स्टेशनवर हजर होते. ही गोष्ट कथेत कोणाच्याही तोंडी घालायची नाही, पण रचनेत ती उपयोगी पडणार आहे.

वाचकाला न दिसणारं वेळापत्रक

कथेचा पहिला शब्द लिहिण्याआधी एका कागदावर त्या रात्रीच्या वेळा मांडा. यातल्या निम्म्याच कथेत येतील, पण सगळ्या तुमच्यापाशी हव्यात. आपल्या कथेचा कागद असा:

रात्री १०:१०: गाडी सुटते.
२:१० ते ३:०५: गाडी अधेमधे, स्टेशन नसलेल्या जागी अडकते.
४:३०: बहिणीचा गजर. आवरायला पंचवीस मिनिटं, वाटेत चाळीस, म्हणजे ती ५:३५ ला स्टेशनवर.
५:१०: प्रवासी बाईचा गजर.
५:४०: गाडी पोचण्याची वेळ. थांबा दोन मिनिटांचा, गाडी पुढे जाणारी.
६:२५: सूर्योदय.
६:३५: उशीर धरून पोचण्याची नवी वेळ.

दोन मिनिटांच्या थांब्याकडे लक्ष द्या. शेवटच्या स्टेशनवर उतरायचं असेल तर माणूस निवांत झोपतो, कारण कोणीतरी उठवेलच. मधल्या छोट्या थांब्यावर उतरायचं असेल तर झोप ही जोखीम होते. ही बाई का मोजत बसली आहे, याचं उघड कारण वाचकाला इथेच मिळतं. खरं कारण वेगळं आहे, पण उघड कारण आधी पटलं पाहिजे. नाहीतर ती विक्षिप्त वाटेल.

गाडी का अडकली हे तिला कळायची गरज नाही. तुम्हाला मात्र ठाऊक असावं. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी आधी पुढच्या स्टेशनात घ्यायची असेल, सिग्नल बिघडला असेल, किंवा रुळांचं काम चालू असेल. गाड्या कमी असतात म्हणून अशी कामं बरेचदा रात्रीच काढतात. आणखी एक बाब माहीत असू द्या: वेळापत्रकात बहुधा थोडी मोकळी मिनिटं मुद्दाम ठेवलेली असतात, त्यामुळे उशिरा धावणारी गाडी वाटेत काही वेळ भरून काढू शकते. म्हणजे फोनवर दिसणारी ६:३५ ही वेळ हा फक्त अंदाज आहे. गाडी सव्वासहालाही पोचू शकते. पुढे याच अनिश्चिततेवर सगळं अडणार आहे.

(जाता जाता: जिथे हिवाळ्याआधी घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे त्या रात्री गाड्यांचं काय होतं? अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीच्या वेळेवर धावणाऱ्या गाड्या तासभर थांबून राहतात, नाहीतर त्या पुढच्या स्टेशनांवरून वेळेआधीच सुटतील. मोजणाऱ्या प्रवाशासाठी ही रात्र म्हणजे मेजवानीच. पण ती वापरलीत तर कथा त्या तासाचीच होईल, बहिणीचा त्यात निभाव लागणार नाही. वेगळ्या कथेसाठी राखून ठेवा.)

हिशेब एकेक करून

पूर्ण कथेत पाच हिशेब पुरे. सहावा वाचकावर सोडायचा आहे, त्याकडे शेवटी येऊ.

पहिला १०:४० ला. तो सोपा, गोल आणि समाधानाचा असावा.

"पाच चाळीसला पोचायचं, आता दहा चाळीस. बरोबर सात तास. तिने चादर पायांखाली दुमडून घेतली. सात तास म्हणजे घरी मिळते त्याहून जास्त झोप."

इथे ती वाचकासारखीच आहे. मध्यरात्र ओलांडून वजाबाकी करणं तसं किचकट, पण मिनिटं जुळत असल्यामुळे कोणालाही मनात करता येते. वाचक नकळत तिच्याबरोबर आकडा काढतो. ही सवय त्याला पहिल्याच पानावर लागली पाहिजे, नाहीतर पुढचे आकडे तो डोळ्यांआड करत जाईल.

दुसरा ११:५५ ला. आता ती गजर लावते. पाच चाळीसला उतरायचं तर पाच दहाला उठायला हवं. म्हणजे सकाळ अर्ध्या तासाने अलीकडे सरकली. काही न घडता अर्धा तास गेला, आणि तो तिनेच घालवला. गजर लावल्यावर फोन स्वतःच सांगतो, की हा पाच तास पंधरा मिनिटांनी वाजेल. इथे वाचक रास्त शंका काढू शकतो: फोन सांगतोय तर ही मोजते कशाला? शंका टाळू नका, वापरा.

"पाच तास पंधरा मिनिटं, असं फोन म्हणाला. तिने तरी बोटांवर मोजून पाहिलं. बारा वाजायला पाच मिनिटं, पुढचे पाच तास, वर दहा. बरोबर होतं."

फोनचा आकडा बोटांवर ताडून पाहणारी बाई कशी असेल हे सांगायला आता विशेषणांची गरज नाही. बहिणीशी काय बिनसलं असेल, याचाही थोडा वास यायला लागतो.

तिसरा हिशेब १:२० ला, आणि तो चुकला पाहिजे. दमलेलं डोकं वेळेची वजाबाकी कशी करतं ते एकदा स्वतःवर आजमावून बघा. तासात साठ मिनिटं असतात हे विसरून ते शंभराच्या हिशेबाने उसनं घेतं. पाचशे दहातून एकशे वीस गेले, उरले तीनशे नव्वद. तीन नव्वद. नव्वद मिनिटं म्हणजे दीड तास, तीन आणि दीड साडेचार. साडेचार तास! बाई सुखावते. वळून कुशीवर होते. मग काहीतरी खटकतं. दीड वाजत आले असताना पाच दहापर्यंत साडेचार तास कसे असतील? ती पुन्हा करते. दोन वाजेपर्यंत चाळीस मिनिटं, पाचपर्यंत तीन तास, वर दहा. तीन तास पन्नास मिनिटं. चाळीस मिनिटं एकदा हातात आली आणि गेली.

हा प्रसंग कथेत सावकाश लिहा, जवळजवळ अर्धं पान. सबंध रात्रीत काहीतरी हरवल्याची जाणीव तिला पहिल्यांदा इथे होते, आणि तीही कधी नसलेल्या मिनिटांसाठी. मात्र चूक खरीखुरी असू द्या. लेखकाने घाईत केलेली चूक आणि पात्राची चूक यांत वाचक फरक करतो, तो नंतरच्या दुरुस्तीवरून. दुरुस्ती नसेल तर तो तुम्हाला चुकीचं धरेल.

आकडे कसे लिहायचे, तेही इथेच ठरवा. स्वस्थ असताना माणूस गोल बोलतो: सव्वापाच तास, पावणेचार तास. घाबरला की मिनिटं सुटी होतात: तीन तास अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणून अकरा-बारापर्यंत आकडे सव्वा-साडेत ठेवा आणि पुढे सुटे करा. 'ती अस्वस्थ झाली' हे लिहावंच लागत नाही.

एक काळजी. प्रत्येक हिशेबाआधी 'तिने घड्याळात पाहिलं' लिहू नका. घड्याळ बघत राहणाऱ्याला झोप आणखी उशिरा लागते, हे झोपेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना रात्री घड्याळावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. त्यांना झोप लागायला जास्त वेळ लागला, शिवाय तो वेळ होता त्याहूनही मोठा वाटला. म्हणजे ही बाई जागी आहे म्हणून मोजते हे खरंच, पण मोजते म्हणून जागी आहे हेही तितकंच खरं. हे कथेत दाखवायचं तर निदान दोनदा तिला घड्याळ न बघण्याचा प्रयत्न करू द्या. फोन उशाखाली सरकवते, किती वेळ झाला असेल ते अंदाजाने ठरवते, वीस मिनिटं तरी झालीच असतील म्हणते. काढून बघते तर सात.

गाडी थांबते तेव्हा

२:१० ला गाडी थांबते. पुढची पंचावन्न मिनिटं हिशेब बंद. सुटण्याची वेळ माहीत नसेल तर वजा करायला काही उरत नाही. आतापर्यंत तिच्या हाताला जे काम होतं ते काढून घेतलं की तिच्याकडे काय उरतं, हे बघण्याची ही जागा आहे. भांडणाबद्दलचं ते एक वाक्य इथे ठेवा. एकच.

बहुतेकांची कथा इथे बिघडते, कारण थांबलेल्या डब्यात शांतता पसरली असं लिहून ते मोकळे होतात. थांबलेला डबा शांत नसतो. चाकांचा आवाज बंद झाला की तोवर त्याखाली दबलेले आवाज वर येतात: पंख्याची किंवा वातानुकूलनाची घरघर, वरच्या बर्थवरचं घोरणं, कुठेतरी सुटलेल्या साखळीची किणकिण, खाली ब्रेकमधून हवा सुटल्याचा सुस्कारा. चालत्या गाडीच्या आवाजाबद्दलही एक सूचना. लयबद्ध 'खडक-खडक' हा आवाज रुळांच्या सांध्यांमुळे येतो. आता बऱ्याच मोठ्या मार्गांवर रूळ जोडून सलग केलेले असतात आणि तिथे ती लय ऐकू येत नाही. खडखडाट होतो तो गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तिथे, म्हणजे सहसा स्टेशन जवळ आलं की. न झोपलेल्या प्रवाशाला तो खडखडाट बरंच काही सांगतो. २:१० ला तो न होताच गाडी थांबली, म्हणजे हे स्टेशन नव्हे, हे ती बाहेर न बघताच ओळखते.

खिडकीचंही तसंच. आत दिवा असेल तर रात्री काच आरसा होते, बाहेरचं काही दिसत नाही. दिवे मालवले की बाहेरचा अंधार दिसू लागतो, आणि त्यातल्या त्यात काही आकार. दिवा लावून झोपाळ्या डोळ्यांनी दूरचे डोंगर बघणारी नायिका छापून येते, पण तशी ती दिसणं शक्य नाही. आपल्या कथेत दिवे बंद आहेत, फक्त फोन आहे. फोन उजळला की काचेत तिचा चेहरा येतो, विझला की चेहरा जाऊन काळं शेत. हे एवढंच पुरे, याहून जास्त खिडकी नको.

सहप्रवाशांबद्दल थोडक्यात सांगतो: समोर गाढ झोपलेला एक माणूस ठेवा, आणि त्याला झोपूच द्या. मध्यरात्री उठून आयुष्याबद्दल दोन शहाणपणाचे शब्द सांगणारा प्रवासी या जातीच्या कथांत इतक्यांदा येऊन गेला आहे, की त्याला आता तिकीट देऊ नये.

हिशेब दुसऱ्याच्या नावावर जातो

३:०५ ला गाडी हलते आणि फोनवर नवी वेळ दिसते, ६:३५. उशीर पंचावन्न मिनिटं. पाचवा हिशेब इथला. माझ्या मते ही कथा लिहावीशी वाटते ती याच जागेसाठी. (चौथा कुठे गेला? तो गाडी थांबताना ती अर्धवट करते आणि सोडून देते: 'पाच दहातून दोन दहा, तीन तास. पण...')

आता ती स्वतःचे तास मोजत नाही.

"साडेचारला उठणार ती. आता तीन पाच. म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं उरली तिची. गाडी उशिरा आहे कळलं तर साडेचारच्या जागी पाच पंचवीसला उठली तरी चालेल. दोन तास वीस मिनिटं. पण कळवायचं तर तिला उठवायला लागेल."

पंचावन्न मिनिटांची जास्तीची झोप द्यायची, तर आधी झोपेतून उठवायचं. या कोड्याला बिनचूक उत्तर नाही. कथेला तेच हवं. निरोप पाठवून ठेवला तर? वाजला तर ती जागी होईल. न वाजता पडून राहिला तर गजर होऊन उठल्यावरच ती तो वाचेल, आणि साडेचारला उठलेलं माणूस पंचावन्न मिनिटांसाठी पुन्हा झोपतं का? शिवाय गाडीने वाटेत वीस मिनिटं भरून काढली तर? मग बहीण स्टेशनवर उशिरा पोचेल, आणि इतक्या वर्षांनी भेट व्हायची ती हिच्या निरोपामुळे चुकेल. दोन मिनिटांचा थांबा, रिकामा प्लॅटफॉर्म, आणि दोष पुन्हा हिचाच.

हे सगळे पर्याय तिच्या डोक्यात येऊ द्या, पण यादीसारखे नकोत. पाऊण पान तरी घ्या. ती निरोप लिहिते, खोडते. काय लिहिते आणि काय खोडते यातून दोघींमधलं अंतर दिसतं. "गाडी लेट आहे, आरामात ये" असं लिहून ती 'आरामात' खोडते, कारण ते टोमण्यासारखं वाटेल. "गाडी लेट आहे" एवढंच उरतं, ते कोरडं वाटतं. "झोपली असशील" लिहिते, आणि झोपलेल्या माणसाला हे लिहिण्यात काय अर्थ, म्हणून तेही काढते. दर वेळी फोन उजळतो तेव्हा काचेत तिचा चेहरा आहेच.

तिचं डोकं इतकं का अडखळतं, यालाही शरीराचं कारण आहे. रात्री झोपणाऱ्या माणसाचं तापमान नेहमीच्या जागं होण्याच्या दोनेक तास आधी दिवसातलं सर्वांत खाली असतं, आणि त्याच सुमाराला तल्लखपणाही सर्वांत कमी असतो. तीन ते पाच या वेळात क्षुल्लक निर्णयही पेलवत नाहीत, हे जागरण केलेल्या कोणालाही पटेल. म्हणून ही वेळ पुढेमागे सरकवू नका. हाच पेच रात्री अकराला टाकलात तर ती सरळ फोन करेल आणि कथा संपेल.

शेवट कुठे करायचा

स्टेशनवरची भेट लिहू नका. ती लिहायची ओढ लागणारच, पण त्या भेटीला जे वजन हवं ते या कथेने जमवलेलं नाही. ही कथा डब्यातच संपते. कुठे, ते शोधायला मागच्या हिशेबांकडे बघावं लागतं. बाईने रात्रभर एक गोष्ट गृहीत धरली आहे: बहीण झोपली आहे. तिचे शेवटचे सगळे आकडे त्या झोपेवर उभे आहेत. तेव्हा तेच गृहीत काढून घ्या.

३:४० ला निरोप येतो, बहिणीकडून: "ताई, ५५ मिनिटं लेट दाखवतंय. झोप तू."

यावर एक शब्दही भाष्य करू नका. बहीण जागी आहे, तीही गाडी बघत बसली आहे, तिचाही हिशेब चालू आहे, आणि ही जी झोप वाचवायला धडपडत होती ती झोप तिकडे नव्हतीच, हे सगळं त्या सात शब्दांत येतं. 'म्हणजे ती जागीच होती' हे वाक्य लिहिलंत की वाचकाच्या हातातलं काढून घेतलंत. 'ताई' हा शब्द मात्र यापूर्वी कथेत एकदाही येऊ देऊ नका. आधीचे फोन आठवताना बहिणीचं बोलणं संबोधनाशिवाय ठेवा: "मी येते स्टेशनवर घ्यायला." फरक वाचकाला आपोआप जाणवतो.

निरोप वेळेच्या आधी आला किंवा नंतर, तर काय होतं तेही बघा. तीन दहाला आला तर पेच उभाच राहत नाही. साडेचारनंतर आला तर बहीण गजराने उठलेली असेल, म्हणजे तो नुसता निरोप झाला. गजराच्या बराच आधी आणि पेच पुरता आवळल्यावर, एवढीच अरुंद जागा आहे.

मग बाई काय करते? उत्तर पाठवते का? मी म्हणेन, नाही. ती गजर बदलते. सहा पस्तीसच्या अर्धा तास आधी, म्हणजे सहा पाचला. आणि फोन 'इतक्या तासांनी वाजेल' हे सांगायच्या आत तो पालथा ठेवते. कथा तिथे थांबते. अकरा पंचावन्नला फोनचा आकडा बोटांवर ताडून पाहणारी बाई आता तो वाचतही नाही. वाचक मात्र मोजणारच, कारण पहिल्या पानापासून तुम्ही त्याला ती सवय लावली आहे. दोन तास पंचवीस मिनिटं. हा सहावा हिशेब, आणि तो कथेत कुठेही छापलेला नसावा.

पहिला खर्डा झाल्यावर

तीन कामं करा. पहिलं, कथेतल्या सगळ्या वेळा आणि आकडे अधोरेखित करून फक्त तेवढेच सलग वाचा. प्रत्येक वजाबाकी कागदावर तपासा. या कथेचा वाचक तपासतोच, आणि पात्राची ती एक चूक सोडून दुसरी सापडली तर त्याचा विश्वास उडतो. दुसरं, लागोपाठच्या कोणत्याही दोन हिशेबांत फक्त उत्तर बदललं असेल तर त्यातला एक काढा. चौथ्या-पाचव्या वाचनात असा एखादा सापडतो, सहसा साडेबारा-एकच्या सुमाराचा. तो तुम्ही वातावरणासाठी लिहिलेला असतो.

तिसरं काम पानांचं वाटप बघण्याचं. घड्याळाच्या प्रमाणात पानं वाटली गेली असतील, तासाला एक पान अशी, तर कथा सपाट झाली आहे. आठ पानांची कथा असेल तर १०:४० ते १:२० या दोन तास चाळीस मिनिटांना अडीच पानं बास. थांबलेल्या गाडीला दीड. ३:०५ ते ३:४० ही पस्तीस मिनिटं मात्र तीन पानं खाऊ देत. उरलेल्या एका पानात निरोप आणि गजर, आणि ते पान भरलं नाही तर भरण टाकू नका.